नाव एकीकडे, इतिहास दुसरीकडे

विभाजन झालेल्या कंपनीचे जुने आकडे शोधताना नावावर जाऊ नकोस. नाव आणि कायदेशीर वारसा नेहमी एकत्र जातातच असं नाही.

क्राफ्ट फूड्सचंच बघ. १ ऑक्टोबर २०१२ला तिनं उत्तर अमेरिकेतला किराणा व्यवसाय वेगळा काढला आणि भागधारकांना दर तीन शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. गंमत अशी की ‘क्राफ्ट’ हे नाव या नव्या कंपनीकडे गेलं आणि मूळ कंपनी मॉन्डेलीझ झाली. म्हणून २०१०चा क्राफ्टचा वार्षिक अहवाल हवा असेल तर तो मॉन्डेलीझच्या खात्यात सापडतो. अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या ‘एडगर’ या कंपनी-अहवालांच्या ऑनलाइन संग्रहात कंपनीचा सीआयके हा ओळख क्रमांक नाव बदललं तरी तोच राहतो, आणि जुनं नाव `formerly` या शब्दापुढे दिसतं. मी तर आधी तेवढंच बघतो.

मग नव्या कंपनीचा भूतकाळ कुठे? तो तिच्या ‘फॉर्म १०’ या नोंदणी दस्तऐवजात. पण तिथले जुने आकडे मागाहून वेगळे काढलेले असतात: मुख्यालयाचा खर्च अंदाजानं वाटलेला, कर्ज बहुधा विभाजनाच्या वेळी अंगावर आलेलं. त्यामुळे आधीच्या वर्षांचा नफा नंतरच्या वर्षांशी थेट ताडून पाहू नकोस. खर्चवाटपाची पद्धत टिपांमध्ये दिलेली असते, ती आधी वाच.

शेअरच्या आलेखात विभाजनाच्या दिवशी मोठी घसरण दिसली तर दचकू नकोस. बहुतेकदा तेवढं मूल्य नव्या शेअरमध्ये गेलेलं असतं.