लेटरहेडवरचे ‘इंक.’ आणि जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर

प्रश्न: नागपुरात गोदामासाठी लोखंडी शेड उभारायचे आहे. तीन कोटेशन्स आलीत. एकाच्या नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, दुसऱ्याच्या एलएलपी आणि तिसऱ्याच्या इंक. आहे. तिघेही साडेचार लाख ॲडव्हान्स मागतात. इंक. म्हणजे सगळ्यात मोठी कंपनी का?

उत्तर:

नाही. आपल्या कंपनी कायद्यात इंक. नावाचा प्रकारच नाही. अमेरिकेत एखाद्या राज्यात नोंदवलेल्या कॉर्पोरेशनच्या नावापुढे तो शब्द लागतो. अशी खरी परदेशी कंपनी भारतात धंदा करत असेल, तर आपण कोणत्या देशात नोंदलेलो आहोत हे तिला लेटरहेडवर छापावे लागते. तुमच्या कोटेशनवर तसे काही नसेल आणि पत्ता इथलाच असेल, तर बहुतेक ती एकट्या माणसाची प्रोप्रायटरशिप निघेल. कंपनी नसताना ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावले, तर 2013 च्या कायद्यात रोज किमान 500 रुपये दंड आहे. ‘इंक.’ त्या कलमात येत नाही, म्हणून ते सर्रास लावले जाते.

खात्री करायला दोन मिनिटे लागतात. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक घ्या. पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या धंद्याचा पॅन. संपूर्ण क्रमांकात डावीकडून सहावे अक्षर पाहा. तिथे P असेल तर पॅन एका व्यक्तीचा आहे, C असेल तर कंपनीचा. F साध्या भागीदारीचाही असतो आणि एलएलपीचाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचाही. मग gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये तोच क्रमांक टाका. ‘Trade Name’ समोर लेटरहेडवरचे नाव दिसेल, ‘Legal Name of Business’ समोर खरा मालक आणि ‘Constitution of Business’ समोर धंद्याचा प्रकार.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात खरेदी बघतो आणि हे शिकायला आम्हाला दोन लाख मोजावे लागले. एका इंक.ला कंट्रोल पॅनलसाठी ॲडव्हान्स दिला होता. काम अर्धवट असतानाच मालक वारले. मुलगा म्हणाला, तो धंदा बाबांचा होता, माझा स्वतंत्र आहे. तो खोटे बोलत नव्हता. प्रोप्रायटरशिपला माणसापासून वेगळे अस्तित्व नसते, माणूस गेला की ती संपते. वारसांकडे मागता येते, पण त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतेच. तेवढ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणे आम्हाला परवडणारे नव्हते. कंपनी असती तर एक डायरेक्टर गेल्यावरही करार कंपनीवर कायम राहिला असता.

म्हणून प्रायव्हेट लिमिटेडला डोळे मिटून पैसे द्यावेत, असे मात्र नाही. ‘लिमिटेड’ हे संरक्षण तुमचे नसून भागधारकांचे आहे. कंपनी बुडाली तर त्यांचे शेअरचे पैसे जातात. फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय किंवा त्यांनी वैयक्तिक हमी दिल्याशिवाय त्यांच्या घरादाराला सहसा हात लागत नाही. प्रोप्रायटर जिवंत असेल तर त्याच्या घरावरही दावा लावता येतो, ही त्या बाजूची जमेची गोष्ट. किमान एक लाख भांडवलाची अट 2015 मध्ये निघाली, त्यामुळे दहा हजार रुपये भरणा भांडवलाचीही कंपनी असते. अशा कंपनीने साडेचार लाख मागितले तर थांबून बघायलाच हवे.

बघायचे कुठे? कंपनीला बिलावर सीआयएन, म्हणजे तिचा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांक छापावाच लागतो. तो mca.gov.in वर टाकला की कंपनी चालू आहे की नोंदीतून काढलेली आहे, भरणा भांडवल किती आणि शेवटचा ताळेबंद कधीचा, हे फुकट दिसते. ‘चार्ज’चा भागही उघडा. तिथे बँकेचे नाव असेल तर तारण ठेवलेल्या यंत्रांवर पहिला हक्क बँकेचा, तुमचा नंतर. कंपनीची कागदपत्रे बघायची फी 100 रुपये आहे आणि साडेचार लाखांपुढे ती काहीच नाही.

एलएलपीचे तसेच, फक्त सीआयएनऐवजी एलएलपीआयएन मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर ती साधी भागीदारी असू शकते. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार असतो. एलएलपीत तसे नाही.

तुमच्या तिघांत मला दर आणि काम पटले, तर इंक.लाही ऑर्डर देईन, पण ऑर्डरवर आधी ‘Legal Name’ मधले माणसाचे नाव, मग ‘प्रोप्रायटर’ आणि मग दुकानाचे नाव लिहीन. प्रायव्हेट लिमिटेडला दिली तर ॲडव्हान्सएवढी बँक गॅरंटी मागेन, ती नसेल तर डायरेक्टरची लेखी वैयक्तिक हमी. आणि कोणालाही एकदम साडेचार लाख देणार नाही. लोखंड साइटवर उतरले की पहिला हप्ता, तोही ऑर्डरवर लिहिलेल्या नावाच्या खात्यातच.