नीटच्या फॉर्मचं शेवटचं पान: सबमिटआधी काय बघायचं?

प्रश्न: मुलीचा नीटचा फॉर्म भरून झालाय, सगळी माहिती एकत्र दाखवणारं पान समोर आहे. सबमिट दाबायच्या आधी नेमकं काय तपासू? आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले.

आधी टाइप केलेलं नव्हे, यादीतून निवडलेलं तपासा. टाइप करताना चुकलेलं अक्षर डोळ्याला खुपतं. यादीतून चुकीचं निवडलं तर ते शुद्ध आणि बरोबरच दिसतं. शिवाय कॉम्प्युटरवर एखादी यादी उघडून निवड केली आणि तिथेच माउसचं चाक फिरवून पान खाली सरकवलं, तर कित्येकदा पान न सरकता निवडच बदलते. मी बरीच वर्षं मुलांचे फॉर्म भरून देतोय. हे घडताना मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून भरताना बघितलं होतं यावर विसंबू नका.

आपल्या भागात सगळ्यात महाग पडणारी निवड म्हणजे प्रश्नपत्रिकेची भाषा. नीटची प्रश्नपत्रिका 13 भाषांत असते आणि त्यात मराठीही आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते, कर्नाटकातल्या केंद्रांवर नाही. गेल्या खेपेला एक मुलगी आली होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी सायन्स बेळगावात इंग्रजीतून. घरची भाषा म्हणून तिने मराठी निवडली होती. शेवटच्या पानावर शहरं होती कोल्हापूर, सांगली, सातारा. मी विचारलं, "बेळगाव का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "यादीत आलंच नाही, दादा." भाषा इंग्रजी केल्यावर बेळगाव आलं. दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री इंग्रजीत शिकलेल्या मुलीला मराठी परिभाषा तिथे बसून नव्याने समजून घ्यावी लागली असती, आणि परीक्षेसाठी कोल्हापूर गाठावं लागलं असतं ते वेगळंच. मुलगी खरोखर मराठीतून शिकली असेल तर मराठी जरूर घ्या, फक्त प्रवासाची तयारी ठेवा. आणि अनुवादात काही शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात, हेही तिला सांगून ठेवा.

दुसरी निवड कॅटेगरीची. तुमच्याकडच्या दाखल्यावर 2ए, 3ए किंवा 3बी असं लिहिलेलं असेल. हे कर्नाटक सरकारचे प्रवर्ग. नीटच्या फॉर्मवर ओबीसी-एनसीएल म्हणजे केंद्र सरकारच्या यादीतला, क्रीमी लेयरमध्ये न येणारा ओबीसी. दोन याद्या वेगळ्या आहेत, त्यामुळे 3बीचा दाखला आहे म्हणून डोळे झाकून ओबीसी निवडू नका. तुमच्या जातीचं नाव केंद्राच्या कर्नाटकासाठीच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. नसेल तर जनरल, किंवा निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस. असेल तर दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला काढावा लागतो, राज्याचा चालत नाही. फीच्या आकड्यावरूनही चूक पकडता येते. 2025 साली जनरलला 1700, ओबीसी-एनसीएल आणि ईडब्ल्यूएसला 1600, एससी-एसटीला 1000 रुपये होते. या वर्षीचे आकडे माहितीपत्रकात बघा आणि फी तुमच्या प्रवर्गाशी जुळते का ते पाहा.

आता नाव. ते दहावीच्या मार्क्स कार्डाशी जुळवा. इकडे कन्नड वळणाने त साठी "th" लिहायची सवय आहे, त्यामुळे घरात `Savita` आणि मार्क्स कार्डावर `Savitha` असं असतं, आणि घरच्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून दोघांनी बसा. एकाने कागद हातात धरून एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने बोट ठेवून पडद्यावर बघायचं. कागद वाचणाऱ्याने पडद्याकडे बघायचंच नाही. जन्मतारीख आणि मोबाइल नंबर मात्र उलट्या बाजूने, शेवटच्या आकड्यापासून म्हणा. पाठ झालेला नंबर सरळ म्हटला की डोळे पुढचं आपोआप बरोबर धरून चालतात.

मोबाइल आणि ईमेल तुमच्या घरचाच आहे ना? सेंटरवाल्याचा नंबर पडला असेल तर आत्ताच बदला. पुढे ओटीपी आणि सूचना त्यावरच येतात, आणि दुरुस्तीची मुदत सुरू झाली तरी मोबाइल-ईमेल सहसा बदलता येत नाही. त्या मुदतीत काय बदलता येईल हे दरवर्षी वेगळं असू शकतं, म्हणून त्या मुदतीच्या भरवशावर काहीही सोडू नका.

फोटो आणि सही अदलाबदल झाली नाही ना, एवढं बघितलं की पुरे.

सबमिट झालं, फी भरली, की कन्फर्मेशन पेज डाउनलोड होतंय का बघा. पैसे खात्यातून गेले आणि ते पान आलं नाही, तर फॉर्म अजून पूर्ण झालेला नाही. लगेच दुसऱ्यांदा फी भरू नका. पुन्हा लॉगिन करून फीची स्थिती बघा.