“मी असं म्हटलंच नाही!”

“मॅडम, मी मध्यस्थीचं 40 तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. पक्षकार चिडून आरोप करायला लागला की तेच सौम्य, तटस्थ शब्दांत मांडायचं, असं शिकवलं होतं. पण मी मांडलं की तो आणखी भडकतो. म्हणतो, ‘मी असं म्हटलंच नाही, तुम्ही त्याची बाजू घेताय.’ आणि त्याचेच शब्द परत म्हटले तर दुसरा पक्ष उठून जायला निघतो. नेमकं बोलायचं तरी काय?” – एक वकील, सोलापूर

बहुतेक वेळा गडबड होते ती एकाच वाक्याकडून दोन कामं करून घेताना. चिडलेल्या माणसाला ‘माझं ऐकलं गेलं’ हे कळायला हवं, हे पहिलं काम. दोघांनाही खुर्चीत बसून बोलता येईल असा विषय समोर ठेवायचा, हे दुसरं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं लागू पडत नाही. हे समजावून सांगून पटत नाही, म्हणून सोलापुरातल्या आमच्या सराव गटात एक भूमिका-नाट्य झालं, ते सविस्तर सांगते.

चौघांचा गट केला. दोघं पक्षकार, एक मध्यस्थ आणि एक निरीक्षक. निरीक्षकानं मत द्यायचं नाही, फक्त कोण काय बोललं ते शब्दाला शब्द वहीत लिहायचं. प्रसंग असा: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची शेड, वडील गेले, थोरला कारभार बघतो, धाकटा हिस्सा मागतो. दोघांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली, त्यात मध्यस्थाला न सांगितलेली गोष्ट. कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतं. मग नाटक चार वाक्यं मागं न्यायचं आणि मध्यस्थानं तोच प्रसंग पुन्हा हाताळायचा. सगळा फायदा या मागं जाण्यात आहे. खऱ्या बैठकीत ती सोय नसते.

धाकट्यानं सुरुवातच जोरात केली. “वडील गेल्यापासून यानं शेड गिळली. तीन वर्षांत एक कागद दाखवला नाही. सही करायला तेवढा मी लागतो. चोर आहे हा!”

मध्यस्थ होत्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या म्हणाल्या, “म्हणजे हिशेबाबाबत तुमचा थोडा गैरसमज झालाय.” धाकटा ताडकन उठला. “गैरसमज? बाई, तुम्ही याच्याकडून आलात काय?” त्याचं बरोबरच होतं. ‘गैरसमज’ म्हणजे चूक तुझीच, असा निकाल झाला, आणि ‘थोडा’ म्हणून त्याचा रागही लहान करून टाकला. शब्द मऊ असले म्हणून ते तटस्थ होत नाहीत.

थांबा. मागं गेलो. या वेळी बाई म्हणाल्या, “भावानं तुम्हाला फसवलं, असं तुमचं म्हणणं आहे.” धाकटा खूश, “फसवलंच!” थोरल्यानं मात्र खुर्ची मागं सरकवली. ‘असं तुमचं म्हणणं आहे’ ही शेपटी संतापलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचत नाही. त्याला मध्यस्थाच्या तोंडून ‘फसवलं’ एवढंच ऐकू येतं. आरोपावर शिक्का बसला, असं त्याला वाटतं.

तिसऱ्या खेपेला, “तुम्हाला पारदर्शकता आणि परस्पर विश्वास हवा आहे.” यावर धाकटा नुसता बघत राहिला आणि म्हणाला, “ते असू दे. माझे पैसे कुठेत?” हे प्रशिक्षणातून आलेल्या मंडळींचं आवडतं वाक्य. त्यात कुणाला दुखवणारं काही नाही, पण त्या शेडमधलंही काही नाही.

मग निरीक्षकाला वहीतलं मूळ वाक्य वाचायला लावलं. ‘गिळली’ आणि ‘चोर’ हे निवाडे आहेत, ते बाजूला ठेवले. उरलं काय? कागद, तीन वर्षं आणि सही. तोडगा निघायचा तो यातूनच. गंमत म्हणजे तोवर तिन्ही वेळा सहीचा उल्लेखच बाईंच्या बोलण्यात आला नव्हता. ‘चोर’ इतका मोठ्यानं आला की त्याच्या आधीचं वाक्य ऐकलंच गेलं नाही. खऱ्या बैठकीतही हेच होतं. म्हणून मी प्रशिक्षणार्थींना सांगते, शिवीच्या अगोदर काय बोलला ते लिहून घ्या.

चौथ्या खेपेला बाईंनी फक्त धाकट्याकडं बघून म्हटलं, “तीन वर्षांत हिशेबाचे कागद तुमच्यासमोर आले नाहीत, असं तुम्ही सांगताय. सही मात्र तुमची घेतली जाते. याचा तुम्हाला फार राग आलाय.” आणि त्या गप्प बसल्या. धाकटा म्हणाला, “राग नाही हो. अपमान. मुनीमासमोर म्हणतो, तू फक्त सही कर.” बाईंच्या चेहऱ्यावर ‘पुन्हा चुकलं’ असं आलं. पण हीच ती जागा! समोरच्यानं तुमचा शब्द दुरुस्त केला आणि आवाज खाली आला, म्हणजे वाक्य लागलं. तीच गोष्ट तो आणखी मोठ्यानं सांगायला लागला, तर हुकलं. ‘सांगताय’ हा शब्दही बाईंनी जाणून घातला होता. कागद खरोखर दाखवले की नाही हे मध्यस्थानं ठरवायचं नसतं, आणि थोरल्यानं तेवढ्यावर खुर्ची हलवली नाही.

“अपमान. बरं,” एवढंच बोलून त्या दोघांकडं वळल्या. “मग बोलायला दोन गोष्टी दिसतात. शेडचा हिशेब दोघांना कधी आणि कसा बघायला मिळेल, आणि कागदावर सही होण्याआधी काय व्हायला हवं.” यात ‘तू’ नाही, ‘यानं’ नाही, मागचं उकरणं नाही. प्रश्न पुढच्या व्यवस्थेचा आहे आणि तो दोघांनाही लागू आहे.

थोरला इतका वेळ छताकडं बघत होता. तो म्हणाला, “बघू दे की हिशेब. बघितला की झोप उडेल याची.” त्याच्या चिठ्ठीत सुताच्या व्यापाऱ्याची थकलेली उधारी होती, धाकट्यापासून लपवलेली. कुणी न विचारता तिचं टोक बाहेर आलं.

इथं मध्यस्थाला मोह होतो, ‘म्हणजे काय?’ असं तिथंच विचारायचा. विचारू नका. थोरल्याशी स्वतंत्र बैठक घ्या. तिथं तो जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय धाकट्याकडं न्यायचं नाही, हे त्याला आधी सांगा. मग तो उधारीवर बोलेल.

ही पद्धत कुठं वापरायची नाही, तेही याच गटात करून बघितलं. धाकट्याला सांगितलं, आता म्हण, “यानं माझ्यावर हात उचलला, घरी जायची भीती वाटते.” एका तरुण वकिलानं सवयीनं म्हटलं, “तुमच्या दोघांतला तणाव...” मारहाणीचा ‘तणाव’ करायचा नाही. तिथं एकत्र बैठक थांबवायची, त्याला वेगळं घेऊन तो सुरक्षित आहे का हे आधी बघायचं, आणि मध्यस्थी चालवायची का हे त्यानंतर.

राहिलं तुमचं ते ‘मी असं म्हटलंच नाही’. ते ऐकलं की आपलं वाक्य समजावत बसू नका, नाहीतर तुमचा आणि त्याचाच वाद सुरू होईल. “मग माझं नीट ऐकलं गेलं नाही. यातलं कुठलं चुकलं, कागदांचं की सहीचं?” असं विचारा. नुसतं ‘काय चुकलं?’ विचारलंत तर तो ‘चोर’वर परत जातो. दोन ठोस गोष्टी पुढं ठेवल्या की त्यातली एक उचलतो, निदान तिसरी तरी सांगतो.