चारची भूक की तहान?

प्रश्न : सातपूरला एसी ऑफिसात बसते. एक वाजता डबा खाऊनही चारला पोटात कालवतं आणि हात चिवड्याकडे जातो. मैत्रीण म्हणते, ही तहान आहे. खरं का?

असू शकते. पण मूळ संदेशांत गोंधळ नसतो. रक्तातलं पाणी घटून क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाजवळच्या तहानेच्या पेशी जाग्या होतात. भुकेच्या पेशी वेगळ्या, त्यांना जठरातून येणारं घ्रेलिन हे हार्मोन चेतवतं.

घोळ होतो तो अर्थ लावताना. डोकं जड होणं, चिडचिड, कामात लक्ष न लागणं हे दोन्हींत सारखंच. शिवाय एसीत घाम जाणवत नाही, त्यामुळे पाण्याची आठवणही होत नाही. मग चिवड्यासोबत चहा पोटात जातो, तहान थोडी भागते, बरं वाटतं आणि श्रेय मात्र चिवड्याला मिळतं. उद्या चारला मेंदू पुन्हा चिवडाच मागतो. त्यात ठरलेल्या खाण्याच्या वेळेआधी घ्रेलिनही वाढू लागतं, म्हणजे सवयीची ही भूक अगदीच खोटी नसते.

प्रश्न : ग्लासभर पाणी प्यायल्यावर भूक गेली, म्हणजे ती तहानच होती ना? (पंचवटी)

एवढ्यावरून तसं ठरत नाही. पाण्याने जठर ताणलं जातं, तो निरोप मेंदूला पोहोचतो आणि खरी भूकही थोडा वेळ गप्प बसते. साधं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. अर्ध्या तासात भूक परतली तर सरळ खा. त्यापेक्षा शेवटचं कधी खाल्लं, तोंड कोरडं आहे का, लघवी गडद पिवळी आहे का, हे बघा. कोरडी भाकरीही चालेल असं वाटत असेल, तर बहुधा भूकच.

‘प्रत्येक अवेळी भूक म्हणजे तहान’ हा सल्ला मला पटत नाही. शरीरातलं पाणी खरंच कमी झालं की भूक उलट मंदावते. दिंडोरीकडे भर उन्हात द्राक्षबागेत राबून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं, भाकरीकडे तो नंतर वळतो.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत, इन्सुलिन घेतात. दुपारी अचानक भूक लागली म्हणतात. आधी पाणी देऊन बघू का? (सिडको)

नको. अचानक भूक, घाम, हातांची थरथर असेल तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगीत असतील तर तोंडाने काहीही न देता थेट दवाखाना गाठा.

याउलट भूक आणि तहान दोन्ही बरेच दिवस वाढलेल्या असतील आणि लघवीला सारखं जावं लागत असेल, तर साखर चढलेली असू शकते. तेव्हाही डॉक्टरांना दाखवा. एरवी या वयात तहानेची जाणीवच बोथट होते, म्हणून त्यांनी मागायची वाट न बघता दिवसभर थोडं थोडं पाणी हातात द्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेच प्रमाण पाळा.