शिवणकाम शिकवणाऱ्या पहिल्या व्हिडिओसाठी फोनवरचं कुठलं फुकट ॲप घ्यावं?

प्रश्न: ब्लाउजच्या बाहीचं कटिंग शिकवणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा आहे, पहिलाच. अँड्रॉइड फोन आहे, ४ जीबी रॅम. २२ मिनिटांचं शूटिंग झालंय, आवाज नंतर भरणार आहे. व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर, यूट्यूब क्रिएट यातलं कुठलं घेऊ? पैसे भरायचे नाहीत आणि वॉटरमार्क नको.

उत्तर:

तुमच्या कामासाठी व्हीएन घ्या. प्ले स्टोअरवर VN Video Editor असं शोधलं की सापडेल. फोन फारच अडखळला तर इनशॉट. बाकीची का नकोत ते आधी थोडक्यात सांगतो, मग मुद्द्याकडे येतो.

काइनमास्टर ताकदीचं आहे, पण फुकटात केलेल्या प्रत्येक व्हिडिओवर त्याचं नाव येतं, म्हणजे तुमच्या अटीत ते बसत नाही. यूट्यूब क्रिएट गूगलचं आहे. २०२३ मध्ये ते आलं तेव्हा पहिल्या काही देशांत भारतही होता. त्यात वॉटरमार्क नाही आणि आवाजातली खरखर कमी करायची सोयही आहे. साधी कापाकापी करायची तर उत्तम, पण ते छोट्या, झटपट व्हिडिओंच्या अंगाने बनवलेलं आहे. तुम्हाला २२ मिनिटांचं शूटिंग पाचेक मिनिटांवर आणून त्यात पाच टप्पे आणि प्रत्येकावर वेगळा आवाज बसवायचा आहे, त्याला व्हीएनची टाइमलाइन जास्त सोयीची पडते. इन्स्टाग्रामचं एडिट्स मुळात उभ्या रीलसाठी आहे. इंटरनेटवर अर्ध्याहून जास्त धडे कॅपकटवर सापडतील, पण ते भारतात प्ले स्टोअरवर मिळत नाही. कुठल्यातरी साइटवरून त्याची एपीके उतरवू नका. त्या फाइलमध्ये कोणी काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो, आणि गॅलरी, माइक या सगळ्याची परवानगी तुम्ही तिला देऊन बसता.

राहिली दोन. इनशॉटमध्ये प्रिव्ह्यूवर InShot असं नाव दिसतं. त्याच्या फुलीवर टॅप करून जाहिरात पाहिली की ते त्या व्हिडिओपुरतं जातं. व्हीएनमध्ये ती भानगडच नाही. दोन्हींमध्ये काही इफेक्ट आणि फॉन्टवर Pro असा बिल्ला असतो. तो असलेली एक जरी वस्तू वापरली तरी शेवटी सेव्ह करताना ॲप पैसे मागतं. म्हणून सुरुवातीपासूनच बिल्ल्याकडे लक्ष ठेवा, नाहीतर तासाभराच्या कामानंतर नेमका कुठला स्टिकर अडवतोय ते हुडकत बसावं लागतं.

आता खरा मुद्दा. वॉटरमार्क सगळ्यांच्या डोळ्यात भरतो, पण शिकवण्याच्या व्हिडिओसाठी ॲप निवडताना मी दोन गोष्टी आधी तपासायला सांगेन: आवाज आणि चित्र एकमेकांना धरून ठेवता येतात का, आणि मराठी अक्षरं पडद्यावर सरळ उभी राहतात का.

आवाजापासून सुरू करू. शिवणकामात हात पटकन होतो आणि समजावून सांगायला जास्त वेळ लागतो. पुढच्या मुंढ्याला मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत गोलावा द्यायचा, ही खूण खडूने करायला तीन सेकंद लागतात. ती का करायची हे सांगायला दहा. मग उरलेली सात सेकंदं पडद्यावर काय दाखवायचं? नवीन माणूस इथे व्हिडिओचा वेग अर्धा करतो. ३० फ्रेमच्या शूटिंगचा वेग अर्धा केला की दर सेकंदाला १५च वेगळी चित्रं उरतात आणि हात झटके देत चालल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा खूण पूर्ण होऊन हात बाजूला झाला की त्या जागी थांबा आणि Freeze वापरा. तेवढं एक चित्र स्थिर होतं आणि ते हवं तेवढं ताणता येतं. खडूची रेघ स्पष्ट दिसत राहते आणि तुमचं बोलणं निवांत पुरं होतं. ही सोय व्हीएन आणि इनशॉट दोन्हींत आहे.

आवाज एका दमात भरू नका. प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल करा: घडी, मापं, गोलावा, कापणं, उलगडणं. एका ठिकाणी चुकलात तर तेवढीच पुन्हा बोलावी लागते. आणि चित्र पुढे, आवाज मागे असा फरक पडलाच तर तो त्याच टप्प्यात राहतो, शेवटपर्यंत साठत जात नाही. फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये पंखा बंद करून, तोंडापासून वीतभर अंतरावर फोन धरून बोललात तरी पुरेसं आहे.

तुमच्या २२ मिनिटांचा हिशेब साधारण असा बसेल. कापडाच्या घडीचं शूटिंग ३ मिनिटं असेल तर ३० सेकंद ठेवा. मापं टाकण्याच्या ८ मिनिटांतली अडीच मिनिटंच ठेवा. टेप शोधणं, खडू घासणं, कापड सारखं करणं हे सगळं उडवायचं. गोलावा काढण्याची ४ मिनिटं सव्वा मिनिटावर आणा, पण इथे वेग अजिबात वाढवू नका, कारण बघणारी बाई हाच भाग मागे घेऊन पुन्हा पाहणार आहे. कापण्याच्या ५ मिनिटांतला २ मिनिटं २० सेकंदांचा सलग भाग निवडा आणि चौपट वेगाने चालवा, तो ३५ सेकंदांत संपतो. त्या भागाचा मूळ आवाज मात्र बंद करा, नाहीतर कात्रीची करकर चौपट वेगाने ऐकू येते. बाही उलगडून दाखवण्याच्या २ मिनिटांतली ३० सेकंदं पुरतात. एकूण ५ मिनिटं २० सेकंद.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. व्हीएनमध्ये नवीन प्रोजेक्ट घेऊन पाचही क्लिप ओळीने घाला आणि सगळ्यात आधी आकार 16:9 करा. शेवटी केलात तर लावलेला मजकूर जागा सोडतो. मग Split ने कापाकापी पूर्ण करा. ती संपली की आवाजाच्या फाइल घाला, मग Freeze ची लांबी आवाजाप्रमाणे जुळवा आणि मजकूर सगळ्यात शेवटी. उलटं केलं, म्हणजे मजकूर आधी लावून मग मधली दहा सेकंदं काढली, तर पुढचं चित्र दहा सेकंदांनी सरकतं आणि मजकूर आधीच्याच जागी राहू शकतो. ‘मागचा मुंढा’ ही पाटी पुढच्या मुंढ्यावर झळकते आणि शिकणारीचं कापड वाया जातं. संगीत घालायचंच असेल तर आवाजाच्या दहाव्या हिश्श्याएवढं ठेवा आणि यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. ॲपमधल्या गाण्यांवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

आता मराठी अक्षरं. ॲपमध्ये मजकूर टाकताना आधी हे वाक्य लिहून बघा:

```
दुसऱ्या बाहीची पट्टी, मुंढ्याचा गोलावा
```

या एका ओळीत बहुतेक दुखणी उघडी पडतात. ‘दुसऱ्या’मधला य ला लागलेला अर्धा र नीट वळतोय का, ‘पट्टी’मधले दोन ट जोडलेत का की मध्ये पाय मोडलेला दिसतोय, ‘मुंढ्याचा’मधला ढ आणि य एकत्र आलेत का ते पाहा. ॲपच्या यादीतले बरेचसे सुंदर फॉन्ट इंग्रजीपुरतेच असतात. त्यात मराठी लिहिलं की फोन स्वतःचा साधा फॉन्ट वापरतो आणि तुम्हाला वाटतं, फॉन्ट बदलतच नाहीये. त्यासाठी गूगल फॉन्ट्सवरून मुक्त किंवा बलू २ उतरवा. दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आहेत, फुकट आहेत आणि युनिकोड आहेत. साइटवर ते Mukta आणि Baloo 2 या नावाने मिळतील. उतरवलेली झिप उघडून तिच्यातली .ttf फाइल व्हीएन किंवा इनशॉटच्या फॉन्ट यादीत बाहेरून आणता येते. गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीचा जुना फॉन्ट आणलात तर तो इथे चालणार नाही, कारण त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात.

फॉन्ट बरोबर असूनही एक खोड उरते. एकेक अक्षर टाइप झाल्यासारखं उमटणारं ॲनिमेशन मराठीत वापरू नका. काही ॲपमध्ये ते शब्दाचे तुकडे इंग्रजीसारखे एकेक चिन्ह सुटं करून पाडतं, त्यामुळे वेलांटी आणि काना क्षणभर ठिपक्यांच्या गोलावर लटकतात. अख्खी ओळ एकदम उमटणारं साधं ॲनिमेशन ठेवा. आकडे मोठे आणि गडद पट्टीवर घ्या. लाल ब्लाउजपीसवर पांढरा ‘५½ इंच’ ठीक दिसेल, पण फिक्या फुलाफुलांच्या कापडावर तोच आकडा शोधावा लागतो.

गोलावा जवळून दाखवण्यासाठी क्लिप मोठी करणार असाल तर सव्वापटीच्या पुढे जाऊ नका. 1080p मध्ये घेतलेलं चित्र त्याहून फुगवलं की टेपवरच्या बारीक रेघा पुसट होतात. आणखी जवळून हवं असेल तर तेवढा भाग फोन खाली आणून पुन्हा शूट करणंच बरं.

सेव्ह करताना व्हीएन रिझोल्यूशन, फ्रेम आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा साठवायचा ते, स्वतः निवडू देतं. 1080p, ३० फ्रेम आणि ८ एमबीपीएस ठेवा. यूट्यूबही या आकाराला एवढाच बिटरेट सुचवतं. ५ मिनिटं २० सेकंदांची फाइल सुमारे ३२० एमबी होईल. बिटरेट २० केलात तर फाइल अडीचपट होईल, अपलोडला तेवढा जास्त वेळ लागेल आणि यूट्यूब ती पुन्हा दाबणारच आहे. फोनमध्ये निदान ३ जीबी जागा मोकळी ठेवा, बाकी ॲप बंद करा आणि सेव्ह चालू असताना व्हॉट्सॲप बघायला बाहेर जाऊ नका. ४ जीबी रॅमवर फोन मागे पडलेलं ॲप बंद करतो आणि काम मध्येच तुटतं. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर मात्र दोष जागेचा नसून बहुधा त्या ठिकाणच्या क्लिपचा असतो. ती क्लिप काढून पुन्हा घाला.

मूळ शूटिंग गॅलरीतून एवढ्यात पुसू नका. बरीचशी ॲप क्लिपची नक्कल न करता गॅलरीतली मूळ फाइलच वापरतात. जागा करायला ती पुसलीत की प्रोजेक्टमध्ये काळी पट्टी उरते. ॲप काढून टाकलं तरी ड्राफ्ट जातात. व्हिडिओ यूट्यूबवर चढून, एकदा शेवटपर्यंत ऐकून झाल्यावरच ते २२ मिनिटांचं सामान हलवा.

इनशॉटकडे वळायचं ते तेव्हाच, जेव्हा व्हीएनमध्ये प्रिव्ह्यू इतका थांबून थांबून चालतो की कात्री कुठे मारायची ते कळत नाही. त्याआधी एक करून बघा: पाच टप्प्यांचे पाच वेगळे प्रोजेक्ट करून प्रत्येक सेव्ह करा आणि शेवटी ते पाच तयार तुकडे एका प्रोजेक्टमध्ये जोडा. या तुकड्यांना बिटरेट १६ द्या, कारण ते दोनदा सेव्ह होणार आहेत आणि प्रत्येक वेळी चित्र थोडं उतरतं. जोडलेला शेवटचा व्हिडिओ ८ वरच.