पोलराइज्ड म्हणजे यूव्ही संरक्षण का?

प्रश्न: मी ऑनलाइन गॉगल विकतो. वर्णनात ‘पोलराइज्ड लेन्स, त्यामुळे यूव्हीपासून १०० टक्के संरक्षण’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: नाही, त्यातला ‘त्यामुळे’ काढाच. पोलराइज्ड फिल्टर पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून येणारी आडवी चकाकी कापतो. यूव्ही अडवणं हे लेन्सच्या मटेरियलचं किंवा कोटिंगचं वेगळं काम आहे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात असा टेस्ट रिपोर्ट उत्पादकाकडून मिळाला, तरच ‘यूव्ही ४००’ लिहा. नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. काच गडद आहे म्हणून यूव्ही अडतं, असंही सुचवू नका. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि यूव्ही अडत नसेल तर उलट जास्त किरण आत जातात.

पोलराइज्ड आहे का, हे घरीच बघता येतं. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू फिरवा. एका कोनात काच जवळजवळ काळी पडली, तर आहे. यूव्ही मात्र असं कळत नाही.

मी असं लिहीन: ‘करडी पोलराइज्ड लेन्स, चकाकी कमी करते. यूव्ही ४०० संरक्षण. काही मोबाइल, डॅशबोर्डचे स्क्रीन काळपट दिसू शकतात. फ्रेमची रुंदी १४० मिमी.’

ही रुंदी समोरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. काडीवर ५५-१८-१४० छापलेलं असतं, त्यातला १४० हा काडीच्या लांबीचा आकडा. तोच रुंदी म्हणून टाकला की माल परत येतो.