चेहरा ओळखीचा, नाव मात्र आठवेना

ताई, बारा वर्षांनी परदेशातून घरी आले आहे. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांनी मला लहानपणीच्या नावाने हाक मारली आणि मला त्यांचं नावच आठवेना. नुसती हसून पुढे गेले. मग शेजारच्या काकू भेटल्या. त्यांना विचारलं, ‘काका कसे आहेत?’ काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी मागच्या गल्लीने ये-जा करते. अजून दोन आठवडे इथे आहे. काय करू?

बाई गं, सगळ्यात आधी काकूंकडे जा. जमलं तर आजच. तुझा प्रश्न चुकला, याचं काकूंना फारसं काही वाटलं नसेल. तू त्यांच्या दारावरून जायची बंद झालीस, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं असणार.

गेलीस की सुरुवातीलाच सांगून टाक, ‘काकू, काका गेल्याचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून परवा तसं विचारलं.’ एवढंच. तुला किती अपराधी वाटतंय ते सांगत बसू नकोस, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत काढावी लागेल. त्यानंतर काकांची एखादी आठवण सांग, पण नेमकी. ‘काका फार चांगले होते’ हे त्यांनी शंभरदा ऐकलंय. ‘माझ्या सायकलची चेन पडली की काका ती अंगणात उलटी करून बसवायचे आणि मग हात मातीने घासून धुवायचे’, असं काहीतरी. माणूस जाऊन तीन वर्षं झाली की लोक त्याचं नाव काढेनासे होतात. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून टाळतात. तुझ्याजवळचे काका बारा वर्षांपूर्वीचे आहेत, हिंडतेफिरते. ते काकूंना परत भेटतील. रडल्या तर रडू दे. विषय बदलू नकोस, उठूही नकोस.

आता दुकानदारकाका. एक आठवून बघ, त्यांचं नाव तुला कधी माहीत तरी होतं का? लहानपणी तू त्यांना ‘काका’च म्हणत असणार. जे नाव कधी तोंडात बसलंच नाही, ते विसरलीस असं कसं म्हणायचं? आणि माहीत असतं तरी असं होतंच. १९७५ साली अमेरिकेत ३९२ जणांच्या शाळासोबत्यांच्या आठवणी तपासल्या होत्या. शाळा सोडून तीसेक वर्षं झालेल्यांनाही जुने चेहरे दहातले नऊ ओळखता आले, पण आपणहून नावं आठवायला सांगितल्यावर त्यांची गाडी अडली. चेहरा समोर असतो, नाव मात्र काहीही हाताशी नसताना शोधावं लागतं.

तेव्हा गिऱ्हाईक कमी असेल अशा वेळी दुकानात जा. ‘काका, परवा घाईत नीट बोललेच नाही’ अशी सुरुवात कर आणि तिथलंच काहीतरी सांग. तुझा हात पोचत नव्हता ती फळी, तुला उभं करायचे ते स्टूल. ‘माझं नाव आठवतंय का?’ असं त्यांनी विचारलंच, तर थाप मारू नकोस. ‘चेहरा लांबूनच ओळखला, नाव काही आठवेना, सांगा ना’ म्हण. ओळखल्याचं सोंग दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं, आणि त्याने माणूस जास्त दुखावतो.

तुला कुणी ओळखलं नाही, असंही होईल. तेव्हा ‘ओळखा पाहू’ करू नकोस, विशेषतः म्हाताऱ्या माणसांशी. स्वतःहून नाव सांग, कुणाची मुलगी, कुठलं घर तेही सांग. त्यांच्या डोक्यात तू घरासकटच आहेस. घर सापडलं की तूही सापडशील.

बाकीच्यांना भेटण्याआधी घरातल्या कुणाला तरी अर्धा तास धरून बसव आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक घर विचारून घे. कोण गेलं, कोण आजारी आहे, कुणाचा संसार मोडला, कोण कुणाशी बोलत नाही. हे चहाटळपण नाही गं, परवासारखं पुन्हा होऊ नये म्हणून आहे. तरीही काही निसटेलच, म्हणून एकेकाचं नाव घेऊन चौकशी करण्यापेक्षा ‘घरी कसं काय चाललंय?’ असं विचार. ज्याला जेवढं सांगायचं तेवढं तो सांगेल. उत्तर यायला वेळ लागला, नजर दुसरीकडे वळली, की समज काहीतरी झालंय. अशा वेळी लगेच दुसरा प्रश्न टाकू नकोस, गप्प राहा.

आणि परत जायची तारीख काकूंना आणि दुकानदारकाकांना तू स्वतः सांग, चार दिवस आधी. तू गेल्याचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.